विमान कंपनीने उड्डाण रद्द केले: परताव्याची नेमकी रक्कम कशी काढावी आणि कशी मागावी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही माहिती नेमकी कोणत्या प्रवाशासाठी आहे?

ज्याचे देशांतर्गत उड्डाण विमान कंपनीने स्वतः रद्द केले, ज्याने तिकीट एखाद्या बुकिंगच्या संकेतस्थळावरून काढले होते आणि ज्याच्या खात्यात भरलेल्या पैशांपेक्षा बरीच कमी रक्कम परत आली, अशा प्रवाशासाठी ही माहिती आहे. तक्रारींमध्ये हेच प्रकरण सर्वांत जास्त चिघळते, कारण इथे पैसे घेणारे दोघे असतात आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. तिकीट थेट विमान कंपनीकडून काढले असेल तर हाच हिशोब अधिक सोपा होतो. रेल्वेच्या तिकिटाची रीत वेगळी असल्याने तिच्यासाठी शेवटाकडे स्वतंत्र प्रश्न दिला आहे.

प्रवास तुम्ही रद्द केला की कंपनीने, हे आधी ठरवून घ्यावे. प्रवाशाने रद्द केले तर तिकिटाच्या अटींनुसार रद्दीकरण शुल्क कापले जाते. कंपनीने रद्द केले तर असे कोणतेही शुल्क कापण्याचा प्रश्नच येत नाही. पुढची सगळी आकडेमोड या एका फरकावर उभी आहे.

उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आल्यावर मी संकेतस्थळावर जाऊन ‘रद्द करा’ हे बटण दाबले. त्याने माझे नुकसान झाले का?

होऊ शकते, आणि बहुतेक वादांची सुरुवात तिथेच होते. विमान कंपनीने उड्डाण रद्द केल्याची नोंद बुकिंगच्या संकेतस्थळाकडे लगेच पोहोचतेच असे नाही. त्या मधल्या काळात तुम्ही नेहमीचे बटण दाबले, तर ती यंत्रणा हे ‘प्रवाशाने स्वेच्छेने केलेले रद्दीकरण’ असे धरते, कंपनीचे रद्दीकरण शुल्क कापते आणि वर संकेतस्थळाचे स्वतःचे सेवाशुल्कही कापते. अनेक संकेतस्थळांवर ‘विमान कंपनीने उड्डाण रद्द केले’ असा वेगळा पर्याय असतो. तो शोधून वापरावा. तो दिसत नसेल तर बटणाला हात न लावता विमान कंपनीच्या संदेशातील दुव्यावरून परतावा निवडावा, किंवा संकेतस्थळाला ईमेल करून तसे लेखी कळवावे.

बटण दाबून झाले असेल तरी हक्क जात नाही. कंपनीचा रद्द झाल्याचा संदेश तुमच्या रद्दीकरणाच्या आधी आला होता, एवढे दाखवता आले पाहिजे. म्हणून तो एसएमएस किंवा ईमेल पुसू नये आणि त्याचे वेळ दिसणारे छायाचित्र काढून ठेवावे. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या मजकुरात मूळ वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव राहत नाही, त्यामुळे पुरावा म्हणून त्याचा उपयोग कमी.

आणखी एक गोष्ट. कधी कधी संदेशात ‘रद्द’ हा शब्द नसतो. ‘वेळापत्रकात बदल’ असे लिहून दुसऱ्या दिवशीचे विमान दिलेले असते आणि खाली स्वीकारण्याचे बटण असते. ते दाबले की तुम्ही पर्यायी उड्डाण मान्य केले असा त्याचा अर्थ होतो. परतावाच हवा असेल तर ते बटण दाबू नये.

मागणीपत्रात बुकिंगचा कोणता तपशील द्यावा लागतो?

तीन वेगवेगळे क्रमांक असतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. पहिला विमान कंपनीचा पीएनआर, जो सहसा सहा अक्षरे-अंकांचा असतो. दुसरा संकेतस्थळाचा बुकिंग क्रमांक, जो बराच लांब असतो आणि विमान कंपनीला काहीच सांगत नाही. तिसरा ई-तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक, जो प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र असतो. काही कंपन्या मात्र केवळ पीएनआरवरच काम चालवतात. विमान कंपनीला लिहिताना पीएनआर आधी यावा, संकेतस्थळाला लिहिताना त्यांचा बुकिंग क्रमांक आधी यावा, आणि दोन्ही पत्रांत दोन्ही क्रमांक असावेत.

त्याशिवाय प्रवाशांची नावे तिकिटावर आहेत तशीच, उड्डाणाचा क्रमांक, तारीख, सुटण्याची नियोजित वेळ, रद्द झाल्याचे तुम्हाला कळले ती तारीख आणि वेळ, पैसे कोणत्या मार्गाने व कधी भरले, आणि आतापर्यंत किती परत आले, हे लिहावे. कार्डाचे शेवटचे चार अंक पुरेत. पूर्ण क्रमांक कोणालाही ईमेलने पाठवू नये.

मागायची नेमकी रक्कम कशी काढायची?

त्यासाठी संकेतस्थळाची पावती आणि विमान कंपनीचे तिकीट किंवा जीएसटी बीजक अशी दोन कागदपत्रे शेजारी ठेवावी लागतात. पावतीवर बऱ्याचदा ‘भाडे’ आणि ‘कर व शुल्के’ एवढे दोनच आकडे असतात, पण आपल्याला त्यांची फोड हवी असते. ती तिकिटावर नसेल तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून मिळते. तिथे शुल्कांची नावे संक्षेपात दिसतात: YQ किंवा YR म्हणजे कंपनीचा इंधन वा तत्सम अधिभार, K3 म्हणजे जीएसटी, P2 म्हणजे हवाई सुरक्षा शुल्क आणि IN म्हणजे विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. नवरा, बायको आणि सात वर्षांची मुलगी अशा तिघांचे पुणे ते दिल्ली तिकीट आहे. दोन वर्षांवरील मुलीला स्वतंत्र आसन घ्यावे लागते, म्हणून तिघांचे भाडे सारखेच धरले आहे. प्रत्येकाचे मूळ भाडे 4,250 रुपये, इंधन अधिभार 450, या दोहोंवर पाच टक्के जीएसटी 235, सुरक्षा शुल्क 236 आणि विकास शुल्क 479, असे मिळून 5,650 रुपये होतात. तिघांचे 16,950. आसन निवडण्याचे प्रत्येकी 350 प्रमाणे 1,050. म्हणजे विमान कंपनीच्या नावे गेलेली रक्कम बरोबर 18,000 रुपये.

यावर संकेतस्थळाने सुविधा शुल्क म्हणून प्रत्येकी 354, म्हणजे 1,062 रुपये लावले, प्रवास विम्याचे प्रत्येकी 199 प्रमाणे 597 रुपये जोडले आणि कूपनचे 1,000 रुपये वजा केले. कार्डावरून प्रत्यक्ष गेले 18,659 रुपये.

उड्डाण संध्याकाळी 7.40 चे होते आणि रद्द झाल्याचा एसएमएस त्याच दिवशी सकाळी 10.25 ला आला. घाईत संकेतस्थळावरचे नेहमीचे बटण दाबले गेले आणि नऊ दिवसांनी खात्यात जमा झाले फक्त 4,550 रुपये. हा आकडा आला कुठून, हे आधी उलगडावे: 16,950 मधून रद्दीकरण शुल्क प्रत्येकी 3,500 प्रमाणे 10,500 कापले, संकेतस्थळाचे रद्दीकरण सेवाशुल्क प्रत्येकी 300 प्रमाणे 900 कापले, कूपनचे 1,000 कापले आणि आसनांचे 1,050 धरलेच नाहीत.

आता मागणी अशी निघते. विमान कंपनीच्या नावे गेलेले 18,000, त्यातून कूपनचे 1,000 वजा जाता 17,000. त्यातले 4,550 मिळाले. बाकी 12,450 रुपये. हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासून घ्यावा: 10,500 अधिक 900 अधिक 1,050 म्हणजे 12,450. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले की तो आकडा पत्रात लिहायला हरकत नाही. ‘उर्वरित सर्व रक्कम परत करावी’ असे मोघम लिहिलेल्या पत्राला ‘नियमानुसार परतावा दिला आहे’ असे तितकेच मोघम उत्तर येते. 12,450 या आकड्याला मात्र कुठली वजावट बरोबर आणि कुठली चूक हे सांगूनच उत्तर द्यावे लागते.

कूपन, सुविधा शुल्क आणि विमा यांचे पैसे मागता येतात का?

कूपनची सूट तुमच्या खिशातून गेलेली नव्हती, त्यामुळे ती मागू नये. ती मागितली की बाकीची मागणीही हिशोब न करता केली आहे असे समोरच्याला वाटते. सुविधा शुल्क हे संकेतस्थळाने तिकीट काढून देण्याच्या सेवेचे म्हणून घेतलेले असते आणि ते परत करायला संकेतस्थळे सहसा तयार नसतात. मागायचे असेल तर संकेतस्थळाकडे, वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या रकमेने मागावे. विमान कंपनीकडे नव्हे. विम्याचे पैसे विमा कंपनीच्या अटींवर ठरतात. प्रवास सुरूच झाला नाही म्हणून हप्ता परत मिळतो का, की उलट उड्डाण रद्द होण्याची भरपाईच त्या विम्यात आहे, हे पॉलिसीत वाचावे. पाचशे-सहाशे रुपयांचा तो विमा घेतल्याचेच अनेकांना आठवत नाही, कारण त्याची खूण कधी कधी आधीपासून केलेली असते.

परताव्याशिवाय भरपाईही मिळते असे ऐकले. ती किती आणि कधी?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत (विभाग 3, मालिका एम, भाग 4) त्याची तरतूद आहे. उड्डाण रद्द झाल्याचे कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवले, किंवा त्यानंतर पण सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत कळवले, तर पर्यायी उड्डाण किंवा परतावा यांपैकी प्रवाशाला मान्य असेल ते द्यावे लागते. त्याहून उशिरा कळवले, तर कंपनीने प्रवाशाला मान्य होईल असे पर्यायी उड्डाण द्यावे, नाही तर पूर्ण परतावा आणि त्याशिवाय भरपाई द्यावी, असे नियम सांगतो. म्हणजे पर्यायी विमानाने तुम्ही गेलात, तर या नियमाखालची भरपाई मागता येत नाही.

भरपाईची रक्कम उड्डाणाच्या नियोजित कालावधीवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक तासाहून जास्त ते दोन तासांपर्यंत 7,500 आणि दोन तासांहून जास्त असेल तर 10,000. परंतु प्रत्येक ठिकाणी ‘किंवा एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते’ अशी अट आहे. ती न वाचता सरसकट दहा हजार मागणारी पत्रे पुष्कळ जातात आणि तेवढ्याच सहजतेने नाकारली जातात.

आपल्या उदाहरणात पुणे–दिल्ली उड्डाण वेळापत्रकात दोन तासांहून जास्त वेळेचे आहे, त्यामुळे वरची मर्यादा 10,000. मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून 4,700. कमी रक्कम 4,700, म्हणून तिघांचे 14,100 रुपये. कर आणि विमानतळाची शुल्के यात धरायची नाहीत. म्हणूनच फोड आधी मिळवावी लागते.

बुकिंग करताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर ही भरपाई नाकारता येते. दुसऱ्याने तिकीट काढून दिले असेल, तर पीएनआरमध्ये मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा गेला आहे, हे प्रवासाआधीच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

कंपनी म्हणते की हवामान खराब होते, किंवा कारण आमच्या हाताबाहेरचे होते. मग?

असाधारण परिस्थितीत भरपाई द्यावी लागत नाही, हे खरे आहे. नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, सरकारी आदेश, संप, हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान आणि सुरक्षेचा धोका अशी कारणे त्यात येतात. पण ही सूट केवळ भरपाईपुरती आहे. धुक्यामुळे उड्डाण रद्द झाले म्हणून भाड्यातून रद्दीकरण शुल्क कापता येत नाही. न झालेल्या उड्डाणाचे पैसे ठेवून घेण्याचे कारण धुके होऊ शकत नाही. म्हणून पत्रात परतावा आणि भरपाई या दोन मागण्या अ आणि ब अशा वेगळ्या ठेवाव्यात, जेणेकरून ब नाकारली गेली तरी अ अडकून पडणार नाही.

कारण लेखी मागावे. ‘परिचालनविषयक कारणे’ हा शब्दप्रयोग म्हणजे कारण नव्हे. त्याच दिवशी त्याच सुमारास त्याच विमानतळावरून इतर कंपन्यांची विमाने सुटली असतील, तर विमानतळाच्या फलकाचे किंवा संकेतस्थळाचे छायाचित्र हवामानाच्या सबबीला चांगले उत्तर ठरते. डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर मनुष्यबळाचे नियोजन कोलमडून इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रलंबित परतावे 7 डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला होता. वाद कारणाचा असला तरी परताव्याला थांबायचे कारण नसते, हे त्या आदेशातही दिसते.

मागणीपत्र कसे लिहावे?

ईमेलने लिहावे, एका पानात बसवावे आणि रागाचा भाग वगळावा. वरच्या उदाहरणाचे पत्र असे होईल. रिकाम्या जागी आपला तपशील भरावा.

> प्रति, तक्रार निवारण अधिकारी, (विमान कंपनीचे नाव)
>
> विषय: पीएनआर ______, कंपनीने रद्द केलेल्या उड्डाणाचा उर्वरित परतावा रु. 12,450 व भरपाई रु. 14,100 मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> वरील पीएनआरवर आम्हा तिघांचे दिनांक 18 जानेवारीचे उड्डाण क्रमांक ______, पुणे ते दिल्ली, सुटण्याची वेळ संध्याकाळी 7.40, असे आरक्षण होते. हे तिकीट (संकेतस्थळाचे नाव) यांच्यामार्फत, बुकिंग क्रमांक ______ अन्वये काढले असून, त्याचे रु. 18,659 माझ्या क्रेडिट कार्डावरून (शेवटचे चार अंक ______) भरले आहेत.
>
> सदर उड्डाण रद्द झाल्याचा आपला एसएमएस 18 जानेवारी रोजी सकाळी 10.25 वाजता, म्हणजे सुटण्याच्या 9 तास 15 मिनिटे आधी मिळाला. आम्ही पर्यायी उड्डाण स्वीकारलेले नाही. 27 जानेवारी रोजी केवळ रु. 4,550 परत मिळाले असून त्यातून प्रवाशाने स्वेच्छेने तिकीट रद्द केल्याप्रमाणे शुल्क कापल्याचे दिसते.
>
> मागणी अ, उर्वरित परतावा: चुकीने कापलेले रद्दीकरण शुल्क 10,500, रद्दीकरण सेवाशुल्क 900, आसन निवडीचे शुल्क 1,050, एकूण रु. 12,450.
>
> मागणी ब, डीजीसीएच्या नियमांतील विभाग 3, मालिका एम, भाग 4 नुसार भरपाई: प्रत्येकी मूळ भाडे 4,250 अधिक इंधन अधिभार 450, म्हणजे 4,700, तीन प्रवासी, एकूण रु. 14,100. ही मागणी अमान्य असल्यास उड्डाण रद्द होण्याचे नेमके कारण लेखी कळवावे.
>
> मागणी अ ची रक्कम मूळ कार्डावरच जमा करावी. भविष्यातील प्रवासासाठीची पत आम्हाला मान्य नाही. परतावा याआधीच संकेतस्थळाकडे वर्ग केला असल्यास त्याची रक्कम, तारीख व व्यवहार क्रमांक कळवावा.
>
> सोबत: तिकीट, पावती, एसएमएसचे छायाचित्र, खाते उताऱ्याचे संबंधित पान.

याच पत्राची प्रत संकेतस्थळाला पाठवावी. तिथे 900 रुपयांचे सेवाशुल्क हा थेट त्यांचा विषय असल्याने तो ठळक करावा आणि सुविधा शुल्काचे 1,062 मागायचे असतील तर ते त्याच प्रतीत जोडावेत.

पैशांऐवजी कंपनीच्या खात्यात पत देतो म्हणतात. नाकारता येते का?

येते. परताव्याविषयीच्या नियमात, म्हणजे त्याच मालिकेच्या भाग 2 मध्ये, रक्कम पत म्हणून ठेवायची की नाही हा निर्णय प्रवाशाचा आहे आणि कंपनीने ती आपसूक लागू करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. अशा पत-रकमेला सहसा मुदत असते, ती प्रवाशाच्या नावाला बांधलेली असते आणि पुढच्या तिकिटाचे भाडे तोवर वाढलेले असते. मे 2023 मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा त्या कंपनीकडे पैसे अडकलेल्या प्रवाशांना हा धडा महागात पडला.

विमान कंपनी म्हणते संकेतस्थळाकडे जा, संकेतस्थळ म्हणते कंपनीकडून पैसे आले नाहीत. कोणाला धरायचे?

नियमानुसार जबाबदारी विमान कंपनीची आहे, कारण एजंट हे तिचेच नेमलेले प्रतिनिधी मानले जातात. क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडे पैसे भरले असतील तर रद्द झाल्यापासून सात दिवसांत परतावा द्यावा लागतो; एजंटमार्फतच्या तिकिटाला याहून जास्त मुदत दिलेली आहे. पण तत्त्व सांगून काम होत नाही. पैसा अडला कुठे, हे शोधणे जास्त उपयोगाचे असते.

विमान कंपनी सहसा परतावा संकेतस्थळाच्या तिच्याकडील खात्यात टाकते आणि तिथून तो तुमच्या कार्डावर यायचा असतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला पीएनआर देऊन एकच प्रश्न विचारावा: या पीएनआरवर किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणाकडे परत केली? उत्तर ईमेलवर घ्यावे. कंपनीने 18,000 परत केल्याचे लिहून दिले आणि तुमच्या हाती 4,550 आले, तर वाद आता केवळ संकेतस्थळाशी उरतो आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही राहत नाही. कंपनीनेच 6,450 परत केले असतील, तर तिने हे स्वेच्छेचे रद्दीकरण धरले हे सिद्ध होते आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी.

परतावा दिला असे दोघेही म्हणतात, पण खात्यात काहीच नाही. आता काय?

कार्डावरील परताव्याला एआरएन आणि यूपीआयच्या परताव्याला आरआरएन असा क्रमांक असतो. तो क्रमांक लेखी मागावा आणि आपल्या बँकेला द्यावा. त्यावरून बँक रक्कम शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल, तर परतावा सुटलेलाच नाही असे धरून चालावे. क्रेडिट कार्डावर परत आलेली रक्कम बिलात वजा होऊन जमा होते, म्हणून उताऱ्याची मागची दोन-तीन पानेही पाहावीत. दरम्यान कार्ड बदलले किंवा बंद केले असेल, तर तेही बँकेला आधीच सांगावे.

उत्तरच आले नाही तर पुढच्या पायऱ्या कोणत्या?

प्रत्येक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकारी आणि त्यावरील अपील अधिकारी यांचे ईमेल दिलेले असतात. आधी त्या क्रमाने जावे. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवावी. तिथे मजकुरावर मर्यादा असते, म्हणून पीएनआर, तारीख आणि मागणीचा आकडा पहिल्याच वाक्यात द्यावा. संकेतस्थळाविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत त्या व्यवहाराची रक्कम उलटी फिरवणे, हेही मागता येते. त्याला मुदत असते, त्यामुळे इतर ठिकाणची उत्तरे येण्याची वाट पाहत तो मार्ग गमावू नये.

यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय दिल्लीला असले तरी साताऱ्याच्या प्रवाशाला साताऱ्यातच दाद मागता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांची मागणी आयोगापुढे करता येते. कंपनीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ती घालण्याची गरज नसते, कारण तिचा आकडा कागदावरून सिद्ध करता येत नाही.

रेल्वेच्या तिकिटालाही हीच पद्धत लागू होते का?

नाही, आणि फरक मुळातच आहे. रेल्वेत प्रवाशाला रकमेचा आकडा लिहायलाच जागा नसते. तुम्ही कारण निवडता आणि रक्कम नियमावरून ठरते. म्हणून तिथे आकड्याऐवजी कारण अचूक असावे लागते.

गाडीच रद्द झाली असेल तर ई-तिकिटाचे पूर्ण भाडे आपोआप परत येते, टीडीआर, म्हणजे परताव्यासाठीचा अर्ज, भरावा लागत नाही. खिडकीवरून काढलेले तिकीट मात्र गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेपासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर द्यावे लागते. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर कन्फर्म तत्काळ तिकिटाचेही पूर्ण भाडे मिळते. पण ई-तिकिटासाठी टीडीआर गाडी तुमच्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्याच्या आधी भरलेला असावा लागतो. घरी जाऊन शांतपणे भरू म्हणणारे इथेच चुकतात. ‘प्रवास केला नाही’ एवढेच कारण न निवडता ‘गाडी तीन तासांहून जास्त उशिरा’ हेच कारण निवडावे.

जमा झालेली रक्कम तपासताना आयआरसीटीसीचे सुविधा शुल्क वेगळे काढावे. वातानुकूलित वर्गाच्या तिकिटाला यूपीआयशिवाय पैसे भरले असतील तर ते 30 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35.40 असते आणि गाडी रद्द झाली तरी परत मिळत नाही. समजा भाडे 2,890 आणि एकूण भरले 2,925.40, तर 2,890 आले की हिशोब पुरा झाला.

त्याहून कमी आले तर जरूर विचारावे. राजस्थानातील कोट्याच्या एका अभियंत्याला 2017 मध्ये 765 रुपयांच्या प्रतीक्षा यादीतील तिकिटावर 65 रुपये कापून 700 मिळायला हवे होते, मिळाले 665. वस्तू व सेवा कर लागू होण्याआधी रद्द केलेल्या तिकिटावर सेवाकराचे 35 रुपये कापले होते. माहिती अधिकाराचे अर्ज करत तो पाच वर्षे मागे लागला. मधे 33 रुपये देऊन दोन रुपये राहिले, तर त्याने तेही मागून घेतले. शेवटी अशाच वजावटीचे पैसे सुमारे 2.98 लाख ग्राहकांना परत करण्याचे आयआरसीटीसीने मान्य केले.

अर्धवट परतावा खात्यात आला आणि मी काही बोललो नाही. उरलेल्या रकमेचा हक्क गेला का?

केवळ रक्कम जमा झाल्याने हक्क जात नाही, कारण ती जमा होण्यात तुमची संमती घेतलेली नसते. अडचण येते ती ‘माझी तक्रार पूर्णपणे निकाली निघाली’ अशा मजकुराला होकार दिल्यावर. ग्राहक सेवेशी चॅट संपल्यावर समाधान झाले का असे विचारले जाते, किंवा एखादे व्हाउचर देऊन अंतिम तडजोड म्हणून ते स्वीकारायला सांगितले जाते. तिथे होकार देण्याआधी मजकूर वाचावा. अर्धी रक्कम आलेल्या दिवशीच ‘रु. 4,550 मिळाले, रु. 12,450 येणे बाकी’ असा दोन ओळींचा ईमेल त्याच तक्रारीच्या क्रमांकावर पाठवून ठेवावा.